बंद अडगळीची खोली उघडताना: उंदरांच्या लेंड्या, धूळ आणि हंताव्हायरस

महिनोन्महिने बंद असलेली खोली उघडली की पहिला हात झाडूकडे जातो आणि दुसरा पंख्याच्या बटणाकडे. त्या खोलीत उंदीर नांदले असतील, तर या दोन्ही गोष्टी करायच्या नाहीत. हंताव्हायरस नावाचे विषाणू उंदीरवर्गीय प्राण्यांच्या लघवीतून, लेंड्यांमधून आणि लाळेतून बाहेर पडतात. हे सगळं वाळलं की त्याचा बारीक चुरा धुळीत मिसळतो, झाडूच्या एका फटकाऱ्याने हवेत उडतो आणि श्वासावाटे आत जातो. लागण होण्याची मुख्य वाट हीच. उंदीर चावून किंवा दूषित हात तोंडाला लागूनही लागण होऊ शकते, पण बंद खोलीत खरी भीती धुळीची.

विषाणूवाहक उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. तो धडधाकट फिरतो आणि दीर्घकाळ विषाणू बाहेर टाकत राहतो. प्रत्येक उंदराकडे विषाणू असतो असंही नाही, बहुतेकांकडे नसतो. म्हणूनच ‘आम्ही वर्षानुवर्षं अशीच खोली झाडतो, कधी काही झालं नाही’ असं म्हणणारे बऱ्याचदा खरंच बोलत असतात. पण कोणत्या लेंडीत विषाणू आहे हे बघून कळत नाही आणि ज्याला फुप्फुसाचा आजार होतो त्याच्या बाबतीत मृत्यूचं प्रमाण साधारण ३५ ते ४० टक्क्यांच्या घरात आहे. खोली ओली करून पुसायला अर्धा दिवस जास्त लागतो. मला तरी हा व्यवहार परवडणारा वाटतो.

एक घराणं, दोन आजार

कोरियन युद्धात, १९५१ ते १९५३ या काळात, संयुक्त राष्ट्रांच्या सुमारे ३,००० सैनिकांना ताप, रक्तस्राव आणि मूत्रपिंडं बंद पडणं अशा अनाकलनीय आजाराने गाठलं. त्याचा विषाणू हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात शेतातल्या पट्टेरी उंदरात शोधला आणि तिथल्या हंतान नदीवरून त्याला नाव दिलं. आशिया आणि युरोपमध्ये आढळणारे हंताव्हायरस प्रामुख्याने मूत्रपिंडांवर घाला घालतात. त्यातला ‘सोल’ विषाणू साध्या तपकिरी घुशीवर राहतो आणि घुशी जहाजांमधून जगभर पसरल्यामुळे तोही जगभर सापडतो.

अमेरिका खंडातले विषाणू मात्र फुप्फुसांवर उतरतात. १९९३मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, जिथे चार राज्यांच्या सीमा मिळतात तिथे, तरुण आणि निरोगी माणसं काही दिवसांच्या तापानंतर एकाएकी श्वास कोंडून मरू लागली. त्यातून ‘सिन नोम्ब्रे’ विषाणू आणि त्याचा वाहक असलेला डिअर माउस हा छोटा उंदीर पुढे आला. आधीच्या भरपूर पावसामुळे उंदरांना खायला मुबलक मिळालं होतं आणि त्यांची संख्या बेसुमार वाढली होती.

उघडण्याआधी: उंदीर अजून आहेत का?

पुढचं सगळं समजायला एक काल्पनिक खोली डोळ्यांसमोर ठेवू. तीन मीटर बाय चार मीटर, एक दार, वर एक झरोका. सात महिने बंद. आत लोखंडी मांडणी, पुठ्ठ्याची खोकी, प्लास्टिकचे दोन डबे, जुनी पुस्तकं आणि कोपऱ्यात गुंडाळलेली गादी. दार किलकिलं केल्यावर उंबऱ्याजवळच लेंड्या दिसतात.

लहान उंदराची लेंडी ३ ते ६ मिलिमीटर, टोकाशी निमुळती. घुशीची जाड आणि १२ ते १८ मिलिमीटर. पालीच्या विष्ठेच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, तेवढ्यावरून ती वेगळी ओळखता येते. काळसर, चकचकीत लेंडी ताजी. करडी, कोरडी आणि भुसभुशीत जुनी. हे लांबून टॉर्चच्या उजेडात बघायचं. ताजी आहे का हे पाहायला ती चिमटीत दाबणारे लोक असतात. तसं करू नका.

ताज्या लेंड्या असतील तर लगेच साफसफाई करण्यात अर्थ नाही. आज पुसलेल्या जागेवर रात्री पुन्हा ओली लघवी पडते, आणि ताजी घाण जुन्या घाणीपेक्षा जास्त धोक्याची असते. म्हणून आधी बाहेरून भोकं बुजवायची. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, घुशीला १२ मिलिमीटरची. भोकात स्टील वूल ठासून वरून सिमेंट किंवा सीलंट लावा. नुसता फोम किंवा कापडाचा बोळा उंदीर कुरतडून टाकतो. झरोक्याला बारीक तारेची जाळी आणि दाराच्या खालच्या फटीला धातूची पट्टी.

मग आत सापळे लावायचे, पण त्यासाठी आत जाण्याआधीही खोलीत वारा खेळू द्यायचा आणि हातमोजे, मास्क घालायचा. हे पुढे सांगतोच. सापळा स्प्रिंगचा, चटकन मारणारा असावा. चिकट गोंदाचे पाट आणि जिवंत पकडणारे पिंजरे इथे नकोत: अडकलेला प्राणी घाबरून जागच्या जागी लघवी करतो आणि आपण टाळायला निघालो तीच गोष्ट वाढते. सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे करून ठेवावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेकडेने धावतो. रोज तपासावा. सलग एक आठवडा एकही उंदीर सापडला नाही आणि नवी लेंडी दिसली नाही, की खोली सफाईला तयार समजावी.

आपल्या खोलीत समजा पहिल्या चार दिवसांत तीन उंदीर सापडले आणि नंतर सात दिवस काहीच नाही. म्हणजे सफाई बाराव्या दिवशी. हा उशीर वाया जात नाही, कारण उंदराच्या शरीराबाहेर विषाणू हळूहळू निकामी होतो. साध्या खोलीच्या तापमानात तो काही दिवस तग धरतो, थंड आणि ओलसर अंधारात त्याहून जास्त, कडक उन्हात फारच थोडा. पण किती दिवस थांबलं म्हणजे खोली निर्धोक झाली, असा नेमका आकडा धरून चालू नये. म्हणून वाट पाहूनही पुढचं सगळं करायचंच.

मेलेला उंदीर उचलण्याआधी सापळ्यासकट जंतुनाशकाने चिंब भिजवा, पाच मिनिटं थांबा आणि मग हातमोज्यांनी पिशवीत घाला. त्या पिशवीवर दुसरी पिशवी, दोन्हींची तोंडं घट्ट बांधलेली.

हवा आणि अंगावरचा बंदोबस्त

सफाईच्या दिवशी दार आणि झरोका उघडून किमान अर्धा तास खोलीपासून लांब थांबायचं. आपल्या उदाहरणात झरोका एकच आणि छोटा आहे, त्यामुळे तास-दोन तास दिले तर बरं. दारातून येणारा वारा आपल्या अंगावर येणार नाही अशा बाजूला उभं राहा. छताचा पंखा, टेबलफॅन, एसी, यातलं काहीही लावायचं नाही. पंख्याने हवा बदलत नाही, ती तिथल्या तिथे घुसळली जाते आणि पात्यांवरची, माळ्यावरची धूळ खाली येते. मुलांना, गरोदर बाईला आणि दम्याच्या माणसाला या कामात घेऊ नका.

हातमोजे रबराचे किंवा नायट्राइलचे, मनगटाच्या वर जाणारे. पायात धुता येणारे रबरी बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, डोळ्यांना गॉगल. मास्कबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. रुमाल, ओढणी किंवा सर्जिकल मास्क या बारीक धुळीला अडवत नाही, कारण तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही. थोड्या लेंड्या असतील आणि सगळं ओलं करून काम करायचं असेल, तर नीट बसणारा एन-९५ घालावा. जागोजागी घरटी, लेंड्यांचे थर आणि लघवीचा उग्र वास असेल, तर पी-१०० फिल्टरचा रबरी हाफ-मास्क हवा, किंवा हे काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसांना बोलवावं. दाढी असेल तर यातला कोणताच मास्क नीट बसत नाही. कडेने हवा आत येते. मास्क घालून जोरात श्वास सोडा. नाकाच्या बाजूने वारा जाणवला तर तो गळतोय.

द्रावण

हंताव्हायरसला चरबीचं पातळ आवरण असतं. ते फुटलं की विषाणू निकामी होतो, म्हणून ब्लीच, अल्कोहोल आणि बऱ्याच साबणांपुढे तो टिकत नाही. सर्वांत सोयीचं घरगुती ब्लीच. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण वाचा. ते ५ ते ६ टक्के असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी; म्हणजे अर्धा लिटर ब्लीच आणि साडेचार लिटर पाणी. प्रमाण त्याच्या निम्मं, अडीच-तीन टक्के असेल, तर एक भागाला चारच भाग पाणी. आपल्या खोलीला पाच लिटर द्रावण बहुधा पुरेल. ते त्याच दिवशी बनवावं, कारण पातळ केलेलं ब्लीच ठेवल्याने निकामी होत जातं.

ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरसारखं आम्ल किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळायचं नाही. विषारी वायू तयार होतो. लघवीतही अमोनिया असतोच. उग्र वासाच्या जागी ब्लीच मारल्यावर डोळे चुरचुरले तर बाहेर या आणि हवा जाऊ द्या. धातू, रंगीत कापड आणि लाकूड ब्लीचने खराब होतं. त्यांच्यासाठी विषाणूनाशक म्हणून विकलं जाणारं साधं जंतुनाशक चालतं, फक्त ते किती वेळ ओलं राहायला हवं हे बाटलीवर पाहावं.

आत: दारापासून मागच्या भिंतीकडे

कामाचा एकच नियम आहे: कोरडं काहीही हलवायचं नाही. आधी ओलं, मग पाच मिनिटं, मग उचलणं. झाडू, केरसुणी, ब्रश, व्हॅक्यूम क्लीनर आणि पाण्याचा जोरदार पाइप, सगळं बाहेर. व्हॅक्यूम सुरक्षित वाटतो, पण साध्या यंत्राच्या मागच्या झडपेतून बारीक चुरा परत हवेत फेकला जातो. फवारणीही हलक्या हाताने. पिचकारीचा जोर लेंडीवर पडला तर तीच उडते. थोड्या अंतरावरून पावसाच्या तुषारांसारखं पडू द्यावं, जागा पूर्ण भिजेपर्यंत.

उंबऱ्यापासून सुरुवात करा, म्हणजे भिजलेल्या जमिनीवरूनच पुढे पाऊल पडतं. पाच मिनिटांनी भिजलेल्या लेंड्या कागदी टॉवेलने गोळा करून पिशवीत टाका, मग तीच जागा पुन्हा द्रावणाने पुसा. एक मीटर झालं की पुढचा मीटर. कागदी टॉवेल वापरण्याचं कारण साधं आहे: फडकं पुन्हा पुन्हा बादलीत बुडवलं की बादलीतली घाण पुढच्या जागेवर पसरते.

पुठ्ठ्याचं खोकं ओढू नका. वरून आणि चारी बाजूंनी भिजवा, थांबा, मग उचला. खालची आणि मागची बाजू भिजवायची राहते आणि नेमक्या तिथेच लेंड्या जास्त असतात, म्हणून खोकं थोडं कलतं करून तिथेही फवारा. ज्या खोक्यात घरटं आहे ते आतल्या कागदांसकट टाकून द्यावं. प्लास्टिकचे डबे आणि लोखंडी मांडणी पुसली की झालं, पण लोखंडावर ब्लीच मारलं असेल तर नंतर साध्या पाण्याने पुसून काढावं.

पुस्तकं आणि कागदपत्रं भिजवता येत नाहीत. ती हातमोज्यांनी अलगद उचलून बाहेर कडक उन्हात काही तास पसरावीत, पानं उघडी ठेवून, माणसांच्या वावरापासून लांब. नंतर मुखपृष्ठं जंतुनाशकाने ओलसर केलेल्या कागदाने पुसावीत. आत झटकायची नाहीत. कपडे आणि पडदे गरम पाण्यात साबणाने धुवावेत आणि धुवायला नेतानाही झटकू नयेत.

गादीबद्दल हळवं होऊ नये. तिच्यात घरटं असेल तर पूर्ण भिजवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ती टाकावीच, कारण कापसाच्या आत द्रावण पोहोचत नाही. दिसणारी जमीन स्वच्छ असली तरी आतल्या पोकळीत काय आहे हे कळत नाही. २०१२मध्ये कॅलिफोर्नियाच्या योसेमिती राष्ट्रीय उद्यानात याचा प्रत्यय आला. पर्यटकांच्या काही तंबूवजा खोल्यांना दुहेरी भिंती होत्या आणि मधल्या उष्णतारोधक थरात उंदरांनी घरटी केली होती. वरून खोल्या नेटक्या होत्या. १० जणांना लागण झाली, ३ दगावले, आणि बहुतेक रुग्ण त्याच प्रकारच्या खोल्यांत राहिलेले होते. तेव्हा फॉल्स सीलिंग, कपाटाची पाठ, जुन्या फ्रिजच्या मोटरमागची जागा, एसीचा फिल्टर हे सगळं तपासल्याशिवाय खोली झाली असं म्हणू नका. विजेच्या वस्तूंची पिन काढूनच.

शेवटी जमीन द्रावणाने पोछा मारून वाळू द्या. बाहेर येताना आधी हातमोज्यांसकट हात द्रावणात आणि साबणाने धुवा, बूट पुसा, मग गॉगल, कपडे, शेवटी मास्क काढा आणि सर्वांत शेवटी उघडे हात साबणाने धुवा. मास्क आधी काढून मग कपडे झटकणं ही नेहमीची चूक; दिवसभराची काळजी त्या दोन मिनिटांत वाया जाते.

कॅलेंडरवर तारीख

काम संपलं की तारीख लिहून ठेवा. आजार उशिरा येतो. फुप्फुसाच्या प्रकारात संपर्कानंतर १ ते ८ आठवड्यांत, मूत्रपिंडाच्या प्रकारात बहुतेकदा १ ते २ आठवड्यांत, क्वचित ८ आठवड्यांपर्यंत. तोवर खोली झाडल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं आणि डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही.

समजा कुणीतरी ३ जूनला आपलीच ती खोली कोरडी झाडली. त्याने जपायचा काळ साधारण १० जून ते २९ जुलै. २२ जूनला त्याला ताप येतो. मांड्या, कंबर, पाठ, खांदे, म्हणजे मोठे स्नायू, विलक्षण ठणकतात. डोकं दुखतं, मळमळतं, एखादी उलटी होते. सर्दी नाही, घसा दुखत नाही. फ्लू समजून तो घरी पडून राहतो. २७ जूनला ताप जरा उतरल्यासारखा वाटतो, पण खोकला सुरू होतो आणि जिना चढताना दम लागतो. इथून पुढचे तास मोजायचे असतात. केशवाहिन्या गळू लागल्याने फुप्फुसांत पाणी भरतं आणि एक-दोन दिवसांत माणूस कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर जाऊ शकतो. त्याला २२ तारखेलाच दवाखान्यात जायला हवं होतं. २७ला तर थेट अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात.

मूत्रपिंडाच्या प्रकाराचा चेहरा वेगळा. अचानक कडक ताप, डोकं आणि पाठ-पोट दुखणं, चेहरा आणि डोळे लाल, कधी दृष्टी धूसर, अंगावर बारीक लाल ठिपके. मग काहींचा रक्तदाब कोसळतो, त्यानंतर काही दिवस लघवी जवळजवळ बंद होते आणि पुढे ती भरमसाट होऊ लागते. ही शेवटची अवस्था सुधारण्याची असली, तरी शरीरातलं पाणी आणि क्षार बिघडण्याचा धोका तेव्हाही असतो. ‘सोल’ विषाणूत मृत्यूचं प्रमाण सुमारे १ टक्का, ‘हंतान’मध्ये ५ ते १५ टक्के.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: ‘३ जूनला उंदरांच्या लेंड्या असलेली बंद खोली झाडली, आज ताप येऊन दोन दिवस झाले.’ प्लेटलेट कमी होणं, रक्त घट्ट होणं आणि लघवीतून प्रथिनं जाणं या खुणा साध्या तपासणीतही दिसतात. नेमकं निदान रक्तातल्या आयजीएम प्रतिपिंडांवरून किंवा आरटी-पीसीआरने होतं. पहिल्या दोन-तीन दिवसांतली चाचणी नकारात्मक आली आणि संशय कायम असेल, तर ती पुन्हा करावी लागते. तोवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो.

एक अडचण आहे. हाच ताप, हीच अंगदुखी आणि कमी प्लेटलेट लेप्टोस्पायरोसिस, डेंगी आणि स्क्रब टायफसमध्येही असतात. लेप्टोही उंदरांच्याच लघवीतून येतो आणि त्यावर प्रतिजैविकं चालतात. म्हणून हंताची शंका असली तरी डॉक्टरांनी लेप्टोचे उपचार लगेच सुरू केले, तर ते योग्यच आहे.

हंतावर खास औषध नाही. मूत्रपिंडाच्या प्रकारात रिबाव्हिरिन अगदी लवकर दिलं तर काही उपयोग दिसला आहे, फुप्फुसाच्या प्रकारात तसा दिसलेला नाही. बाकी सारा आधार काळजीपूर्वक उपचारांचा: प्राणवायू, रक्तदाब सांभाळणं, गरज पडल्यास डायलिसिस, आणि फुप्फुसं-हृदय दोन्ही कोलमडली तर रक्ताला शरीराबाहेर प्राणवायू देणारं एक्मो यंत्र. सलाइन बेताने द्यावं लागतं, कारण गळक्या केशवाहिन्यांतून ते थेट फुप्फुसांत उतरतं. रुग्णापासून घरच्यांना लागण होण्याची भीती जवळजवळ नसते; अपवाद दक्षिण अमेरिकेतल्या ‘अँडीज’ विषाणूचा. अर्जेंटिनातल्या एपुयेन गावात २०१८-१९मध्ये तो माणसाकडून माणसाकडे पसरला, ३४ जण आजारी पडले आणि ११ दगावले. इतरत्र घरच्यांनी चौकशी करायची ती एवढीच, की त्या दिवशी खोलीत आणखी कोण कोण होतं, आणि त्यांच्याही नावापुढे तीच तारीख लिहायची.